मंगळवार बाजारातल्या स्टॉलसाठी धंद्याचा क्यूआर: परवान्याच्या आधी नाव जुळवा

प्रश्न: आई सोलापूरच्या मंगळवार बाजारात शेंगा चटणी, कडक भाकरी आणि काळा मसाला विकते. आतापर्यंत गिऱ्हाईकं माझ्या मोबाईलच्या क्यूआरवर पैसे टाकतात. आता आईच्या नावानं धंद्याचा क्यूआर काढायचाय. दुकान नाही, शॉप अ‍ॅक्ट नाही, जीएसटी नाही. एका एजंटनं फॉर्म भरला, तर ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत आला. नेमकी कोणती कागदपत्रं लागतात आणि आमचं काय अडलंय?

उत्तर:

अर्ज शॉप अ‍ॅक्ट नाही म्हणून परत आलेला नाही, हे आधी लक्षात घ्या. बाजारात बसणाऱ्या एकट्या विक्रेत्याला क्यूआरसाठी साधारणपणे चारच गोष्टी लागतात: आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि त्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर. सोबत स्टॉलचा एक फोटो. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं. मी सोलापुरात पॅन, आधार, उद्यम आणि बँकेच्या फॉर्मांचीच कामं करतो. माझ्याकडे परत आलेले अर्ज येतात त्यांत कागद कमी पडलाय असं क्वचित दिसतं. कागद सगळे असतात, पण प्रत्येकावर बाईंचं नाव वेगळं असतं.

आपल्या सोलापुरात तर हे फारच होतं. घरात कन्नड किंवा तेलुगू, शाळेत मराठी, आणि कार्डावर इंग्रजी स्पेलिंग त्या दिवशी मशीनवर बसलेल्या माणसानं घातलेलं. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी, कुणाचं नुसतं एका अक्षरात. लग्नानंतर बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण सगळ्या कागदांवर एकदम बदलत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. नावं मी नुसती समजण्यासाठी घेतलीयत. समजा, आईंच्या तीन कागदांवर हे छापलंय:

```
आधार    : Laxmi Nagnath Kore
पॅन      : LAXMI MALLINATH BIRAJDAR
पासबुक  : KORE LAKSHMIBAI N
```

घरातल्या माणसाला ही एकच बाई आहे हे दिसतं. बिराजदार माहेरचं, कोरे सासरचं. बँकेत कुणीतरी नावापुढे ‘बाई’ लावलं आणि x च्या जागी ksh लिहिलं. पण अर्ज तपासणारं मशीन असतं. एजंटनं खाते क्रमांक आणि आयएफएससी भरला की कंपनी त्या खात्यात एक रुपया पाठवते, आणि बँकेकडून खातेदाराचं नाव परत मागवते. आलेलं नाव पॅनवरच्या आणि आधारवरच्या नावाशी ताडून पाहिलं जातं. नावांचा क्रम उलटा असेल तर सहसा चालून जातं. मधलं नाव एका अक्षरात असेल तरी बरेचदा चालतं. ‘बाई’ आणि बदललेलं स्पेलिंग एकत्र आलं की मशीननं जुळणीला दिलेले गुण घसरतात. आडनावच वेगळं असेल तर अर्ज परत येतोच. किती फरक चालवून घ्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणून एका अ‍ॅपवर परत आलेला अर्ज दुसऱ्या अ‍ॅपवर मंजूर झाला असं कधीकधी ऐकायला मिळतं. त्या आशेवर चार एजंटांकडून चार अर्ज टाकू नका. एकाच नंबरावर अर्धवट नोंदी साठत जातात आणि पुढे त्या काढताना जास्त त्रास होतो.

घरी बसून पाच मिनिटांत हे तपासता येतं. आधार, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजीतलं नाव अक्षर अक्षर वाचा. आधारवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी असतात. लोक मराठी ओळ वाचून ‘बरोबर आहे की’ म्हणतात, पण जुळवणी होते ती इंग्रजी ओळीची. दुसरं, खातं जोडखातं आहे का ते पाहा. आई-वडिलांचं एकत्र खातं असेल आणि पहिलं नाव वडिलांचं असेल, तर एक रुपया पाठवल्यावर वडिलांचंच नाव परत येतं आणि आईंचा अर्ज तिथंच थांबतो. अशा वेळी नाव दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, आईंचं स्वतंत्र खातं उघडणं हाच उपाय.

आता दुरुस्ती. इथे क्रमाला महत्त्व आहे, कारण पुढचा कागद मागच्या कागदावरून दुरुस्त होतो. आधी आधार, मग पॅन, शेवटी बँक.

आधारवर आज जे नाव आहे तेच कायम ठेवायचं असेल, तर आधारला हातच लावू नका. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी उगाच घालवू नये. बदलायचंच असेल तर आधार केंद्रावर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातला नावबदल असा मान्य पुरावा लागतो. मात्र एक गोष्ट आत्ताच तपासा: आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे? पुढच्या सगळ्या कामांचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. बऱ्याच बायकांच्या आधारला मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. नंबर बदलायला कागद लागत नाही, फक्त बोटांचे ठसे लागतात. आधार केंद्रावर होतं, आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही घरी येऊन करून देतात. नंबर आईंचा स्वतःचा द्या, तुमचा नको. बँकेलाही तोच, आधारलाही तोच, क्यूआरच्या अ‍ॅपलाही तोच.

पॅनच्या बाबतीत दोन शक्यता आहेत. आईंकडे पॅन नसेलच, तर काम सोपं आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीवरून ई-पॅन फुकट आणि लगेच निघतं. नाव आधारवरून जसंच्या तसं उचललं जात असल्यानं ते आपोआप जुळतं. अट एवढीच की आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी. जुन्या आधारवर फक्त जन्मवर्ष असतं, आणि ई-पॅन तिथं अडतं. मग आधी जन्मतारीख भरून घ्यावी लागते.

पॅन आहे पण माहेरच्या नावाचं आहे, तर त्याची दुरुस्ती करायची. पॅनची कामं करणाऱ्या प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या कंपन्यांमार्फत अर्ज होतो, आणि छापील कार्डासह खर्च साधारण शंभर रुपयांच्या आसपास येतो. आधार ई-केवायसीनं अर्ज केला तर आधारवरचंच नाव पॅनवर येतं, म्हणजे परत स्पेलिंगचा घोळ होत नाही. पॅनवर वडिलांचं नाव तसंच राहतं, ते नवऱ्याच्या नावानं बदलायची गरज नाही. इथे एक धोक्याचा सल्ला हमखास कानावर येतो: ‘जुनं राहू दे, नवीनच पॅन काढू.’ अजिबात करू नका. एका माणसाला एकच पॅन असतं, आणि दोन ठेवली तर १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही पाहून घ्या. न जोडलेलं पॅन निष्क्रिय धरलं जातं, आणि नाव कितीही जुळलं तरी निष्क्रिय पॅनवर अर्ज पुढे सरकत नाही.

बँकेचं काम शेवटी करा. दुरुस्त आधार आणि पॅन घेऊन शाखेत जा, केवायसी अद्ययावत करायचा फॉर्म भरा आणि ‘नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे करावं’ असं त्यावर स्पष्ट लिहा. नुसती कागदपत्रं दिली तर पत्ता बदलतो, फोटो बदलतो, पण नाव तसंच राहतं. पंधरवड्यानं पासबुक भरून घ्या आणि पहिल्या पानाऐवजी अ‍ॅपमध्ये किंवा नव्या स्टेटमेंटवर नाव पाहा. पहिलं पान वर्षानुवर्षं जुनंच असतं. खातं सहकारी बँकेत असेल तर आणखी एक चौकशी करा. सोलापुरात सहकारी बँका भरपूर आहेत आणि कष्टकऱ्यांची खाती त्यांच्यातच आहेत, पण प्रत्येक क्यूआर कंपनीच्या यादीत प्रत्येक बँक नसते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पासबुकावरचा आयएफएससी जुना असू शकतो. एजंटला खाते क्रमांक देण्याआधी शाखेतून आजचा आयएफएससी लिहून घ्या.

आधार द्यायचं नसेल किंवा ते अडलं असेल, तर ओळख आणि पत्त्यासाठी मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड हेही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत चालणारे पुरावे आहेत. पॅन त्या यादीत नाही. ते वेगळं लागतं. पण खरं सांगायचं तर मोबाईलवरून होणारी सगळी प्रक्रिया आधारच्या ओटीपीवर बेतलेली आहे. मतदार कार्डावर काम करून घ्यायचं असेल तर बँकेच्या शाखेतच जावं लागेल.

आता धंद्याच्या पुराव्याबद्दल. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या बचत खात्यावर छोट्या विक्रेत्याचा क्यूआर काढताना तो बहुधा मागत नाहीत. स्टॉलचा फोटो आणि जागेची नोंद हाच पुरावा. म्हणून फोटो मंगळवारी, माल मांडल्यावर आणि आई बसलेल्या असताना काढा. रिकाम्या पाट्यांचा किंवा घरातल्या बरण्यांचा फोटो दिला की ‘व्यवसाय दिसत नाही’ असा शेरा येतो. आठवड्यातून एकदाच बसणाऱ्यांचं हे नेहमी होतं: एजंट बुधवारी येतो, जागा मोकळी असते, आणि तो घरीच फोटो काढून नेतो.

चालू खातं उघडायचं ठरवलंत तर मात्र गोष्ट वेगळी. एकट्याच्या मालकीच्या धंद्यासाठी बँक त्या धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागते. दोन मिळणं शक्यच नसेल तर प्रत्यक्ष जागा पाहून एकावर भागवायची मुभाही बँकेला आहे. त्यात तुम्हाला जमण्यासारखं म्हणजे उद्यम, छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर आधार-पॅनवरून होते आणि पूर्णपणे मोफत आहे. पत्ता `udyamregistration.gov.in` हाच टाका, कारण पैसे मागणारी तशाच दिसण्याची बरीच संकेतस्थळं शोधात वर येतात. शॉप अ‍ॅक्टबद्दल भीती बाळगू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार एकट्यानं चालवलेल्या धंद्याला परवाना घ्यावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते. महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर ते जपून ठेवा. क्यूआरला लागो न लागो, पंतप्रधान स्वनिधीच्या कर्जाला ते लागतं, आणि त्या योजनेत क्यूआरवरच्या व्यवहारांवर कॅशबॅक मिळतो. क्यूआर तुमच्या नावावर राहिला तर आईंच्या कर्जाला त्या व्यवहारांचा उपयोग होणार नाही. आईंच्या नावानं क्यूआर काढायचं हेही एक मोठं कारण आहे.

चटणी-मसाला म्हणजे खाण्याचा माल, त्यामुळे अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी तुम्हाला क्यूआर नसला तरी लागते. काही कंपन्या अर्जात ‘खाद्यपदार्थ’ निवडल्यावर तो क्रमांक विचारतात. म्हणून दुसराच काहीतरी प्रकार निवडून अर्ज पुढे रेटू नका. फोटोत चटणीच्या बरण्या आणि अर्जात ‘कपडे’ असं दिसलं की अर्ज पुन्हा परत येतो.

माझं मत विचाराल तर आत्ता चालू खातं उघडू नका. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागते आणि आठवड्यातून एका बाजारासाठी ते परवडत नाही. आईंच्या नावाचं एक बचत खातं फक्त धंद्यासाठी ठेवा. विक्री वाढली की बँक स्वतःच चालू खात्याकडे वळा असं सांगते, तेव्हा उद्यमचा कागद तयार असू द्या.

क्यूआर हातात आल्यावर तो खरोखर धंद्याचा आहे का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. बरेच एजंट घाईत नुसता वैयक्तिक क्यूआर रंगीत पाटीवर छापून देतात. पैसे त्यावरही येतात, म्हणून लक्षात येत नाही. गुगल लेन्ससारख्या साध्या स्कॅनरनं कोड वाचा, म्हणजे आतली ओळ दिसेल. ती साधारण अशी असते:

```
upi://pay?pa=abc@bank&pn=Laxmi%20Kore&mc=0000
upi://pay?pa=xyz@bank&pn=Laxmi%20Chutney&mc=5499
```

यातलं `pa` म्हणजे पैसे जिथं जातात तो यूपीआय आयडी, `pn` म्हणजे दिसणारं नाव, आणि `mc` म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा चार आकडी क्रमांक. वैयक्तिक कोडात तो `0000` असतो किंवा नसतोच. धंद्याच्या कोडात बहुतेक वेळा खरा क्रमांक असतो. `5499` हा किरकोळ खाद्यपदार्थांच्या दुकानांचा, `5411` किराण्याचा. फरक फक्त कागदोपत्री नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे देणारं गिऱ्हाईक वैयक्तिक क्यूआरवर त्या कार्डातून पैसे देऊच शकत नाही. आणि वैयक्तिक कोडावर विक्रीचा वेगळा हिशोब राहत नाही. दिवसाचे व्यवहार, परतावा, महिन्याचं विवरण हे सगळं व्यापारी अ‍ॅपमध्येच मिळतं.

पाटीवर ‘लक्ष्मी शेंगा चटणी’ असं लिहिलं असलं, तरी गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर बँकेत नोंदलेलं नावही दिसू शकतं. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय अ‍ॅपना पैसे घेणाऱ्याचं बँकेतलं नाव दाखवावं लागतं, आणि लहान विक्रेत्यांच्या क्यूआरलाही ते लागू आहे. म्हणून पाटीवर धंद्याच्या नावाखाली आईंचं नाव बारीक अक्षरात छापून घ्या. नाहीतर ‘मावशी, हे दुसऱ्याच कुणाचं नाव येतंय’ म्हणून दर चौथं गिऱ्हाईक थांबेल, आणि संध्याकाळच्या गर्दीत तेवढा वेळ नसतो.

पैसे खात्यात कधी पडतात हे अर्ज करतानाच विचारा. तुमच्या सध्याच्या क्यूआरवर पैसे त्याच क्षणी खात्यात येतात. धंद्याच्या क्यूआरमध्ये काही कंपन्या लगेच देतात, काही दिवसाच्या शेवटी, काही दुसऱ्या दिवशी. आईंना मंगळवारी रात्रीच शेंगदाणेवाल्याचे पैसे द्यायचे असतील तर हा फरक फार मोठा आहे. अशांसाठी थेट बँकेचा क्यूआर बरा पडतो, कारण मधली कंपनी नसते. खर्चाचं म्हणाल तर बँक खात्यातून यूपीआयनं आलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, २०२० पासून तो नियमच आहे. एजंटनं ‘दोन टक्के कट होईल’ म्हटलं तर कशावर ते विचारा. वॉलेट आणि क्रेडिट कार्डाचे नियम वेगळे आहेत, पण चटणीच्या पाकिटाला त्यांचा फारसा संबंध येत नाही.

बोलणाऱ्या साउंडबॉक्सला मात्र भाडं असतं. ते महिन्याला आपोआप कापलं जातं, कधी आलेल्या पैशांतून, कधी खात्यातून. आठवड्यातून एकदा बसणाऱ्याला ते परवडतं का याचा हिशोब घरी करा. आईंकडे बटणांचा फोन असेल किंवा वाचताना त्रास होत असेल तर मी डबा घ्या म्हणेन. ‘पंचेचाळीस रुपये मिळाले’ हे मराठीतून कानावर पडलं की त्यांना कुणाच्या मोबाईलमध्ये डोकवावं लागत नाही. डब्यात स्वतःचं सिम असतं, त्यामुळे तो नेटवर्कवर अवलंबून असतो. गड्ड्याच्या यात्रेत संध्याकाळी गर्दी झाली की नेटवर्क दाटतं आणि आवाज उशिरा येतो. त्या वेळी गिऱ्हाईकाच्या पडद्यावरची हिरवी खूण पाहून माल देऊ नका, तशी खूण दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत. व्यापारी अ‍ॅप तुमच्या मोबाईलवरही ठेवता येतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये मालक आणि मदतनीस अशी वेगळी प्रवेशसोय असते. मालकाचा नंबर आईंचा, मदतनीस तुम्ही. मदतनीसाला व्यवहार दिसतात, पण जोडलेलं खातं बदलता येत नाही.

पहिल्या बाजाराच्या आधी घरी चाचणी घ्या. दोन वेगळ्या अ‍ॅपवरून, दोन वेगळ्या बँकांमधून एकेक रुपया टाका. पडद्यावर कोणतं नाव येतं, डबा बोलतो का, अ‍ॅपमध्ये नोंद येते का, आणि ते दोन रुपये आईंच्या पासबुकात खरोखर कधी पोचतात ते पाहा. शेवटचं लोक पाहत नाहीत. अ‍ॅपमध्ये ‘मिळाले’ दिसतं, पण खातं जोडण्यात चूक असेल तर रक्कम मध्येच अडकून राहते आणि ते महिन्यानं लक्षात येतं.

बाजारात पाटी लावताना ती लॅमिनेट करा आणि गिऱ्हाईकाच्या बाजूला, पण आईंच्या नजरेसमोर ठेवा. चटणीचं तेल आणि मसाल्याची पूड बोटांवरून कोडावर जाते, कोपऱ्यातले तीन चौकोन डागाळले की कोड स्कॅन होत नाही. दर मंगळवारी मांडामांड झाली की पहिलं काम म्हणून स्वतः एकदा स्कॅन करा. कुणी वरून दुसरा स्टिकर चिकटवला असेल तर नाव वेगळं येईल. आणि आईंना एक वाक्य पाठ करून द्या: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मावशी, पैसे अडकलेत, पिन टाका म्हणजे येतील’ असं म्हणणारा चोर आहे. एजंटलाही हेच लागू. नोंदणीसाठी आईंच्या मोबाईलवर आलेला ओटीपी त्यांनी स्वतः, समोर बसून टाकावा. यूपीआय पिन एजंटला कुठल्याच टप्प्यावर लागत नाही. आधारची झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर ‘फक्त क्यूआर नोंदणीसाठी’ असं लिहून तारीख घाला. नोंदणीच्या पडद्यावर कर्जाची किंवा विम्याची आधीच टिक केलेली चौकट दिसली तर ती काढायला लावा.

बऱ्याच घरांत पुढची भीती कराची असते. २०२५ च्या जुलैमध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी क्यूआर उतरवले. त्याचा बोभाटा सोलापुरात लगेच पोचला. तुमचा हिशोब करून पाहा. समजा एका बाजारात सगळी मिळून ५,००० रुपयांची विक्री होते. वर्षाचे ५२ मंगळवार धरले तरी २,६०,००० रुपये होतात. फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते ती वर्षाला ४० लाखांची उलाढाल ओलांडल्यावर. तुम्ही त्या जवळपासही नाही. पण या क्यूआरवर तुमचा पगार, भिशीचे पैसे, भावाकडून आलेली उसनवारी असं काही घेऊ नका. बाहेरून बघणाऱ्याला क्यूआरवर आलेला प्रत्येक रुपया विक्रीच दिसतो.

धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. कुणी फसवणुकीचे पैसे वापरून तुमच्याकडून चटणी घेतली आणि मूळ माणसानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर ती रक्कम जिथं जिथं गेली तिथं तिथं बँक रोक लावते. कधी तेवढ्याच रकमेवर, कधी पूर्ण खात्यावर. आईंचा यात काहीच दोष नसतो, तरी होतं. तेव्हा शाखेत जाऊन तक्रारीचा पोच क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार आहे ते लेखी मागा, आणि त्या दिवशीचं व्यापारी अ‍ॅपमधलं विक्रीचं विवरण जोडून उत्तर द्या. तुमच्या वैयक्तिक क्यूआरवर हे झालं असतं तर तो पैसा विक्रीचा होता हे सिद्ध करणं जड गेलं असतं, आणि तुमचं पगाराचं खातं अडकलं असतं.

आता तुमच्यासमोरचं काम. तीन कागद शेजारी ठेवून इंग्रजी नावं वाचा आणि कुठला कागद वेगळा आहे ते ठरवा. फक्त पासबुक वेगळं असेल तर आठ-पंधरा दिवसांत काम होईल, पॅन वेगळं असेल तर त्याहून थोडा जास्त वेळ धरा. तोवर परत आलेला अर्ज तसाच राहू द्या. दुरुस्ती झाल्यावर नवा अर्ज न भरता त्याच अर्जात कागद बदलून द्यायला सांगा. मधल्या मंगळवारी तुमचाच क्यूआर चालू ठेवा, फक्त आलेली रक्कम त्याच रात्री आईंच्या खात्यावर पाठवा आणि शेरा म्हणून ‘बाजार’ एवढं लिहा. नवी पाटी लावाल त्या दिवशी जुनी पाटी स्टॉलवरून काढून घरी न्या. दोन्ही राहिल्या तर सवयीची गिऱ्हाईकं जुन्यावरच पैसे टाकत राहतील.